सौद्याची हमी कोणाच्या खिशातून?

मार्च 1995 मध्ये मुंबई शेअर बाजार तीन दिवस बंद ठेवावा लागला. एम. एस. शूज या कंपनीच्या शेअरमध्ये प्रचंड सौदे झाले होते आणि ते घेणाऱ्यांकडून पैसे येत नव्हते. ज्यांनी शेअर विकले होते त्यांचा या वादाशी काहीही संबंध नव्हता, तरी त्यांचे पैसे अडकले. त्या काळी सौदा दोन दलालांमध्ये होई. समोरच्या दलालाने हात वर केले, की त्याच्याकडून पैसे घेणारा दलालही अडचणीत येई, त्याच्याकडून घेणारा तिसराही. पैसे कोण थकवणार याचा अंदाज नसल्यामुळे चांगल्या दलालांनीही हात आखडता घेतला आणि बाजार चालू ठेवण्यात अर्थ उरला नाही.

1996 मध्ये नॅशनल स्टॉक एक्स्चेंजच्या उपकंपनीने सौद्यांची हमी घ्यायला सुरुवात केली. नॅशनल सिक्युरिटीज क्लिअरिंग कॉर्पोरेशन हे तिचे तेव्हाचे नाव. आज ती एनएसई क्लिअरिंग म्हणून ओळखली जाते. मुंबई शेअर बाजाराचीही अशीच कंपनी आहे, इंडियन क्लिअरिंग कॉर्पोरेशन. गुंतवणूकदाराच्या कॉन्ट्रॅक्ट नोटवर या कंपन्यांकडे कोणी फारसे पाहत नाही, पण आज सकाळी विकलेल्या शेअरचे पैसे उद्या येणारच, हे आपण ज्या भरवशावर गृहीत धरतो, तो भरवसा त्यांचा आहे. त्यानंतर बाजाराने 2008 पाहिले, मार्च 2020 पाहिले, पण या हमीखालच्या सौद्यांमध्ये 1995 सारखी वेळ आली नाही.

हमी देणे म्हणजे काय, हे आधी नीट पाहू. सौदा जुळला की क्लिअरिंग कॉर्पोरेशन त्या दोघांच्या मध्ये शिरते. मूळ करार मोडतो आणि त्याच्या जागी दोन नवे करार उभे राहतात: विकणाऱ्यासाठी खरेदीदार क्लिअरिंग कॉर्पोरेशन, आणि घेणाऱ्यासाठी विक्रेता क्लिअरिंग कॉर्पोरेशन. बाजार समितीतला चांगला अडत्या हेच करतो. शेतकऱ्याला तो पट्टी त्याच दिवशी देतो. व्यापाऱ्याने त्याला कधी पैसे दिले, दिले की नाही, याच्याशी शेतकऱ्याला देणेघेणे नसते. फरक एवढाच, की अडत्या व्यापाऱ्याला ओळखतो, त्याची पत जाणतो. क्लिअरिंग कॉर्पोरेशनसमोर रोज लाखो लोकांचे सौदे असतात, म्हणून तिला ओळखीऐवजी तारणावर चालावे लागते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. क्लिअरिंग कॉर्पोरेशन तुम्हाआम्हाला थेट ओळखत नाही. तिचा करार क्लिअरिंग मेंबरशी, म्हणजे मोठ्या ब्रोकरशी, बँकेशी किंवा कस्टोडियनशी असतो. ग्राहकाने ब्रोकरला पैसे दिले नाहीत, तरी ब्रोकरने ते क्लिअरिंग कॉर्पोरेशनला दिलेच पाहिजेत. ‘माझ्या ग्राहकाने बुडवले’ हे कारण तिथे चालत नाही. या मुद्द्याकडे शेवटी परत यायचे आहे, कारण सामान्य गुंतवणूकदाराचे सगळ्यात जास्त नुकसान याच फटीतून होते.

आता एक काल्पनिक सौदा घेऊ आणि तो बुडवून पाहू. एका ब्रोकरने सोमवारी 500 रुपये भावाने 10,000 शेअर घेतले. देणे झाले 50 लाख रुपये. भारतात सौदापूर्ती दुसऱ्याच दिवशी होते. जानेवारी 2023 पासून सगळ्या शेअरना हाच नियम आहे. सौदा होतानाच या ब्रोकरच्या तारणातून, समजा, 15 टक्के, म्हणजे साडेसात लाख रुपये मार्जिन म्हणून अडकवले गेले. मंगळवारी सकाळी विकणाऱ्याकडून 10,000 शेअर क्लिअरिंग कॉर्पोरेशनकडे आले. घेणाऱ्याच्या खात्यातून 50 लाख यायला हवे होते. ते आले नाहीत.

सामान्य माणसाला वाटेल की हमी देणाऱ्याचे 50 लाख बुडाले. तसे होत नाही. विकणाऱ्याला त्याचे 50 लाख ठरल्या वेळी दिले जातात, पण शेअर मात्र बुडव्या ब्रोकरकडे जात नाहीत; क्लिअरिंग कॉर्पोरेशन ते अडवून ठेवते. बुधवारी ते बाजारात विकले जातात. भाव 470 वर आला असेल तर 47 लाख हाती येतात. तोटा तीन लाखांचा, आणि तो साडेसात लाखांच्या मार्जिनमधून भरून निघतो. उरलेली रक्कम बुडव्याच्या खात्यात त्याच्या बाकीच्या देण्यांसाठी राहते. कोणाचाही एक पैसा बुडत नाही.

म्हणजे क्लिअरिंग कॉर्पोरेशनची खरी जोखीम सौद्याच्या पूर्ण रकमेची नसते. ती असते सौदा झाल्यापासून तो मोडेपर्यंत भाव किती हलला, तेवढीच. पैसे आणि शेअर एकाच जागी, एकाच वेळी बदलले जातात, एक आल्याशिवाय दुसरे सोडले जात नाही, म्हणून हे शक्य होते. पण याला एक दुसरी बाजू आहे आणि ती सहसा सांगितली जात नाही. तोटा तीन लाखांचा असला, तरी मंगळवारी दुपारी विकणाऱ्याला द्यायला 50 लाख रोख लागले होते. शेअर विकून पैसे यायला अजून दोन दिवस होते. त्यामुळे क्लिअरिंग कॉर्पोरेशनकडे नुसती संपत्ती असून भागत नाही. तासाभरात हाताशी येणारी रोकड लागते. त्यासाठी बँकांशी कर्जमर्यादा आधीच ठरवलेली असते आणि तारणाचा मोठा भाग रोख, बँकेच्या मुदत ठेवी, सरकारी रोखे अशा लगेच मोकळ्या होणाऱ्या रूपात घेतला जातो. शेअरही तारण म्हणून चालतात, पण त्यांची किंमत कापून धरली जाते. बाजार कोसळतो त्या दिवशी तारणातले शेअरही कोसळतात, हे त्यामागचे साधे कारण.

याच सौद्यात भाव 470 ऐवजी 400 वर गेला असता तर? 40 लाख हाती आले असते, तोटा दहा लाखांचा, मार्जिन साडेसात लाखांचे. अडीच लाख दुसऱ्या कोणाला तरी भरावे लागले असते. त्याहून वाईट म्हणजे, शेअर खालच्या सर्किटला जाऊन बसला असता तर तो विकताच आला नसता. ज्या शेअरमध्ये वायदे नाहीत त्यांना दिवसाच्या चढउताराची मर्यादा असते. सर्किट लागले की विकणारे रांगेत उभे राहतात आणि घेणारा कोणी नसतो. क्लिअरिंग कॉर्पोरेशनही त्या रांगेत उभी राहते. हमीचे सगळे गणित इथे येऊन अडते: बुडालेला सौदा किती लवकर आणि कोणत्या भावाने मोडता येतो?

मार्जिन याच प्रश्नाचे आगाऊ उत्तर असते. उलाढाल भरपूर असलेल्या शेअरचा भाव रोज किती हलतो, हे पाहून त्या हालचालीच्या सहापट धक्का सोसेल इतके मार्जिन काढले जाते, आणि ते 9 टक्क्यांपेक्षा कमी असत नाही. त्यावर अतिटोकाच्या नुकसानीसाठी आणखी साडेतीन टक्के. कमी उलाढालीच्या शेअरना याहून बरेच जास्त, कारण ते विकायला वेळ लागतो. हे दर दिवसातून सहा वेळा नव्याने काढले जातात. ब्रोकरचे तारण संपत आले की त्याला फक्त सौदे कमी करता येतात, नवे घेता येत नाहीत; पूर्ण संपले की त्याचे टर्मिनलच बंद पडते. हे सगळे संगणक करतो, कोणाच्या मध्यस्थीला वाव न ठेवता. माझ्या मते या संपूर्ण यंत्रणेतला हा सर्वांत मोलाचा भाग आहे. बाजाराच्या जुन्या इतिहासात मार्जिन नसल्याने जेवढे बुडाले, त्याहून जास्त मार्जिन माफ केल्याने बुडाले.

कलकत्ता शेअर बाजाराचे उदाहरण यासाठी पुरेसे आहे. तिथे सौदापूर्तीचा हमी निधी होता. कागदावर नियमही होते. पण मार्जिन कडकपणे वसूल होत नव्हते आणि काही दलालांचे सौदे त्यांच्या ऐपतीपलीकडे फुगले होते. मार्च 2001 मध्ये केतन पारेखच्या आवडत्या शेअरचे भाव कोसळले तेव्हा ते दलाल पैसे भरू शकले नाहीत आणि हमी निधी त्यात रिता झाला. त्या बाजाराची उलाढाल पुढे कधीच सावरली नाही. 2013 मध्ये सेबीने तिथले व्यवहार थांबवले. निधी हा मार्जिनच्या मागे उभा राहण्यासाठी असतो. मार्जिनच्या जागी त्याला उभे केले की तो पहिल्याच धक्क्यात संपतो.

वायद्यांमध्ये गोष्ट थोडी वेगळी होते. तिथे अडवून ठेवायला शेअरच नसतात, कारण करार पुढच्या तारखेचा असतो आणि आज फक्त भावातला फरक असतो. म्हणून तो फरक रोज चुकता केला जातो. आज ज्याला तोटा झाला त्याने उद्या सकाळी तो रोख भरायचा, आणि तेवढीच रक्कम नफा झालेल्याच्या खात्यात जाते. तोटा साचू द्यायचा नाही, हा यातला हेतू. एखाद्याने आज सकाळी पैसे भरले नाहीत, तर कालच्या आधीचे सगळे वसूल झालेले असते. कालच्या तोट्याची आणि त्याचे सौदे मोडेपर्यंत होणाऱ्या तोट्याची काळजी उरते. प्रारंभिक मार्जिन एवढ्यासाठीच घेतलेले असते. त्यात एक गृहीतक दडलेले असते: एक-दोन दिवसांत हे सौदे मोडता येतील. हे गृहीतक कोसळले तर काय होते, ते सप्टेंबर 2018 मध्ये स्टॉकहोमला दिसले.

आइनार ओस हा नॉर्वेतला विजेच्या वायद्यांचा व्यापारी. तो स्वतःच्या पैशाने, एकटा व्यवहार करी. त्याच्या देशात तो सगळ्यात जास्त कर भरणाऱ्यांच्या यादीत वरच्या क्रमांकावर येऊन गेला होता, इतके त्याचे या बाजारात नाव होते. नॅस्डॅक क्लिअरिंग या स्वीडनमधल्या क्लिअरिंग हाउसचा तो थेट सदस्य होता. म्हणजे त्याच्या आणि क्लिअरिंग हाउसच्या मध्ये ना बँक होती, ना ब्रोकर. हे नेहमीचे नाही. मध्ये बँक असली की ग्राहकाचा पहिला फटका ती सोसते. इथे तो थेट क्लिअरिंग हाउसवर येणार होता.

त्याचा सौदा दोन भावांमधल्या अंतरावर होता. उत्तर युरोपातली वीज मुख्यतः धरणांच्या पाण्यावर होते, तर जर्मनीच्या विजेचा भाव कोळसा, गॅस आणि कार्बन परवान्यांच्या किमतीवर हलतो. या दोन भावांतले अंतर कमी होईल, असा ओसचा अंदाज होता. असे अंतरावरचे सौदे एकेरी सौद्यांपेक्षा कमी धोक्याचे समजले जातात, कारण दोन्ही भाव बहुतेक वेळा एकाच दिशेने जातात. त्यामुळे त्यांना मार्जिनही कमी लागते. सोमवारी, 10 सप्टेंबरला, दोन्ही गोष्टी एकदमच उलट झाल्या. कार्बनचे परवाने महागल्याने जर्मन वीज वर गेली आणि पावसाच्या अंदाजाने उत्तरेकडची वीज खाली आली. अंतर एका दिवसात नेहमीच्या हालचालीच्या सतरापट बदलले, असे क्लिअरिंग हाउसने नंतर सांगितले.

मार्जिनची मागणी गेली. ती ओसला भरता आली नाही आणि 11 तारखेला त्याला डिफॉल्टर जाहीर करण्यात आले. आता त्याचे सगळे सौदे क्लिअरिंग हाउसच्या अंगावर होते. लक्षात घ्या, दुसऱ्या बाजूच्या लोकांना त्यांचा नफा द्यायचा होताच, आणि भाव पुढे कुठे जाईल हे कोणालाच माहीत नव्हते. सौदा जवळ ठेवून भाव परत येण्याची वाट पाहणे म्हणजे क्लिअरिंग हाउसने स्वतः जुगार खेळणे. म्हणून जो असेल त्या भावाने मोकळे होणे हाच मार्ग.

पण हा सौदा बाजाराच्या मानाने फार मोठा होता. तो थेट बाजारात विकायला काढला असता तर भाव आणखी उलटा गेला असता. म्हणून मोजक्या सदस्यांना बोलावून लिलाव झाला, आणि दोन दिवसांत सगळा पसारा एकाच बोलीदाराच्या हवाली केला गेला. अर्थातच बोली स्वस्तात लागली. बोलावलेल्यांना माहीत होते की विकणाऱ्याला विकण्याशिवाय गत्यंतर नाही.

हिशेब झाला तेव्हा ओसचे सगळे तारण संपून वर 114 दशलक्ष युरोंची तूट निघाली. ठरल्याप्रमाणे पहिले 7 दशलक्ष क्लिअरिंग हाउसने स्वतःच्या भांडवलातून भरले. उरलेले 107 दशलक्ष सदस्यांच्या सामायिक निधीतून गेले, आणि त्या निधीचा सुमारे दोन तृतीयांश भाग एका माणसाच्या तोट्यात संपला. ज्या वीज कंपन्यांनी, बँकांनी या सौद्यात हातही घातला नव्हता, त्यांना निधी पुन्हा भरण्यासाठी काही दिवसांत पैसे द्यावे लागले. हमी पाळली गेली, ज्यांचे येणे होते त्यांना ते मिळाले. पण ते शेजाऱ्यांच्या खिशातून आले. जानेवारी 2021 मध्ये स्वीडनच्या वित्तीय नियामकाने नॅस्डॅक क्लिअरिंगला 30 कोटी स्वीडिश क्रोनांचा दंड केला.

या घटनेनंतर जगभरातल्या क्लिअरिंगच्या लोकांमध्ये 7 आणि 107 या आकड्यांवर बरीच चर्चा झाली. मार्जिन किती घ्यायचे, कोणाला सदस्य करायचे, एका माणसाचा सौदा किती मोठा होऊ द्यायचा, हे सगळे निर्णय क्लिअरिंग हाउसचे. चुकीची किंमत मात्र मुख्यतः सदस्यांनी मोजली. क्लिअरिंग हाउसचे स्वतःचे पैसे पुरेसे पणाला नसतील, तर मार्जिन सैल ठेवून जास्त उलाढाल मिळवण्याचा मोह तिला होणारच. मला हा आक्षेप रास्त वाटतो.

याउलट त्याआधी दहा वर्षे लंडनला वेगळेच घडले होते. सप्टेंबर 2008 मध्ये लेहमन ब्रदर्स बुडाली तेव्हा एलसीएच या क्लिअरिंग हाउसकडे तिचे व्याजदरांच्या अदलाबदलीचे सौदे होते, एकूण मूळ रक्कम नऊ लाख कोटी डॉलरची. ओसच्या सौद्यापेक्षा हे कितीतरी अवाढव्य. पण इथे घाई केली गेली नाही. आधी ठरल्याप्रमाणे सदस्य बँकांमधले अनुभवी ट्रेडर एलसीएचमध्ये येऊन बसले. त्यांनी उलटे सौदे करून भावाची जोखीम आधी आटोक्यात आणली आणि मग चलनानुसार गठ्ठे करून एकेक लिलाव केला. तीन आठवड्यांनी सगळे संपले तेव्हा लेहमनच्या मार्जिनचा सुमारे एक तृतीयांश भागच वापरला गेला होता. इतर सदस्यांच्या निधीला हात लावावा लागला नाही. व्याजदरांचा बाजार खोल आहे, घेणारे अनेक आहेत. विजेच्या भावांतल्या अंतराचा बाजार उथळ होता. सौद्याचा आकार त्याच्या बाजाराच्या मानाने केवढा आहे, हे पाहिल्याशिवाय मार्जिनचा कोणताही टक्का पुरेसा आहे की नाही हे सांगता येत नाही. म्हणूनच एकाच ठिकाणी साचलेल्या मोठ्या सौद्यांवर जास्तीचे मार्जिन लावण्याची पद्धत आता सर्वत्र रुजली आहे.

भारतात तूट कोणी कोणत्या क्रमाने भरायची, ही उतरंड सेबीने ऑगस्ट 2014 मध्ये नेमून दिली. सगळ्यात आधी बुडव्या सदस्याचेच सारे काही वापरायचे: मार्जिन, ठेवी, सामायिक निधीत त्याने भरलेला वाटा, दुसऱ्या विभागात शिल्लक असलेले त्याचे पैसे. विमा असेल तर तो त्यानंतर. पुढचा घाव क्लिअरिंग कॉर्पोरेशनच्या स्वतःच्या पैशावर पडतो, विभागाच्या किमान निधीच्या पाच टक्क्यांइतका. त्यानंतर हमीचा मूळ निधी उघडतो, आणि त्यातही आधी दंडातून जमलेले पैसे, मग क्लिअरिंग कॉर्पोरेशनच्या वाट्यातला ठरावीक भाग, आणि मगच बाकीचे पैसे, ज्यात सदस्यांचा वाटा येतो.

या निधीत किमान निम्मे पैसे क्लिअरिंग कॉर्पोरेशनचे, किमान एक चतुर्थांश शेअर बाजाराचे आणि सदस्यांकडून जास्तीत जास्त एक चतुर्थांश घेता येतात. ओसच्या प्रकरणात सदस्यांवर जो भार आला, तो इथे तुलनेने कमी राहतो, कारण हमी देणाऱ्याचा स्वतःचा वाटा मोठा ठेवला आहे. निधी केवढा असावा, हेही अंदाजाने ठरत नाही. सर्वांत जास्त जोखीम असलेले दोन क्लिअरिंग मेंबर एकाच वेळी बुडाले आणि बाजारही त्याच वेळी टोकाचा हलला, तर किती तूट येईल, याची चाचणी रोज होते आणि तिच्यावरून दर महिन्याला किमान निधी ठरतो.

तोही पुरला नाही तर क्लिअरिंग कॉर्पोरेशनची बाकी साधनसंपत्ती, मग न बुडालेल्या सदस्यांकडून मर्यादित जादा वर्गणी. आणि सगळ्यात शेवटच्या पायरीवर, ज्यांना पैसे मिळायचे आहेत त्यांच्याच रकमेतून प्रमाणात कपात. ही शेवटची पायरी वाचली की अनेकांना धक्का बसतो. पण ती तिथे असणे प्रामाणिकपणाचे आहे. कोणतीही हमी अमर्याद नसते. ही कुठे संपते ते आधीच लिहून ठेवले आहे, आणि तिथपर्यंत पोहोचण्याआधी किती जणांचे पैसे संपले असतील तेही. नियम ठाऊक असले की अफवांना जागा कमी राहते, आणि 1995 मध्ये बाजार बंद पाडण्यात थकलेल्या पैशांइतकाच अनिश्चिततेचाही हात होता.

आता त्या फटीकडे. ही सगळी हमी क्लिअरिंग मेंबरांच्या आपसातल्या देण्याघेण्याची आहे. तुम्ही शेअर विकले, बाजाराने पैसे ब्रोकरच्या क्लिअरिंग मेंबरला दिले, की क्लिअरिंग कॉर्पोरेशनचे काम संपले. पुढे ब्रोकरने ते पैसे तुम्हाला दिले नाहीत, किंवा तुमचे शेअर परस्पर गहाण टाकले, तर वरच्या उतरंडीतला एक रुपयाही त्यासाठी वापरला जात नाही. त्यासाठी शेअर बाजाराचा वेगळा गुंतवणूकदार संरक्षण निधी असतो. तो ब्रोकर डिफॉल्टर जाहीर झाल्यावर, दावा केल्यावर आणि कमाल मर्यादेपर्यंतच पैसे देतो. ही फट कमी करण्यासाठी अलीकडे बरेच झाले आहे. 2022 पासून प्रत्येक ग्राहकाचे तारण क्लिअरिंग कॉर्पोरेशनकडे त्याच्या नावाने वेगळे नोंदवले जाते, म्हणजे एका ग्राहकाचे मार्जिन दुसऱ्याच्या सौद्याला वापरता येऊ नये. घेतलेले शेअरही आता ब्रोकरच्या खात्यात न थांबता थेट ग्राहकाच्या डिमॅट खात्यात येतात.

आणि जिथे क्लिअरिंग कॉर्पोरेशनच नाही, तिथे यातले काहीच नाही. फोनवर किंवा वहीवर चालणाऱ्या डब्बा ट्रेडिंगमध्ये मार्जिन मागत नाहीत, कर लागत नाही, म्हणून लोक त्याकडे ओढले जातात. तिथला तुमचा सौदा बाजारात पोहोचलेलाच नसतो. तुमचा नफा म्हणजे डब्बा चालवणाऱ्याचा तोटा, आणि तो त्याने दिला तरच तुमचा.

सौदा झाल्यावर शेअर बाजाराकडून येणारा एसएमएस, डिपॉझिटरीचा संदेश आणि ब्रोकरने कळवलेली शिल्लक हे तिन्ही जुळवून पाहा. आकडा जुळत नसेल तर ब्रोकरच्या स्पष्टीकरणावर थांबू नका. त्याच आठवड्यात लेखी तक्रार करा आणि उत्तर आले नाही तर सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर नोंदवा. संरक्षण निधीकडे दावा करण्याला मुदत असते.